गुडघेबदलानंतरचा घरचा व्यायाम: वाढवायचा कधी, कमी करायचा कधी

गुडघा बदलून घरी येताना फाइलमध्ये व्यायामाचा एक कागद मिळतो. त्यावर चित्रं असतात आणि प्रत्येक चित्राखाली 'दहा वेळा, दिवसातून तीनदा' असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुखलं तर काय करायचं, हे मात्र बहुतेक कागदांवर नसतं. मग घरात दोन टोकं गाठली जातात. कुणी दुखतंय म्हणून व्यायामच सोडून देतं आणि गुडघा आखडतो. कुणी 'दुखल्याशिवाय बरं होत नाही' म्हणून दात-ओठ खात करत राहतं, गुडघा सुजतो आणि सुजलेला गुडघा वाकत नाही. ठाण्यात घरी जाऊन रुग्ण बघताना मला या दोन्ही चुका सारख्याच दिसतात, म्हणून हा कागद दुखण्याच्या नियमांसह नीट मांडते.

हे सगळं साध्या, पहिल्यांदाच झालेल्या एका गुडघ्याच्या संपूर्ण बदलासाठी आहे. तुमचं ऑपरेशन दुसऱ्यांदा झालं असेल, हाड मोडलं असेल किंवा सर्जननी वजन टाकण्यावर किंवा वाकवण्यावर बंधन घातलं असेल, तर त्यांचा शब्द आधी.

१. घराची तयारी

तुम्हाला हातांची, न घसरणारी खुर्ची लागेल. बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा किंचित वर राहायला हवी. बहुतेकांना ४५ ते ५० सेंटीमीटर उंची पुरते, कमी पडली तर वर घट्ट उशी ठेवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची फरशीवर मागे सरकते. तीच वापरायची असेल तर पाठ भिंतीला टेकवून ठेवा.

पायपुसणी आणि सुट्या सतरंज्या उचलून ठेवा. पावसाळ्यात जिना आणि पॅसेज ओले असतात, तेव्हा चालण्याचा व्यायाम घरातच करा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवलेली बरी.

याशिवाय जवळ हवा एक टॉवेल, शिंप्याची टेप, बर्फाची पिशवी आणि एक वही. वहीशिवाय पुढचे नियम चालणार नाहीत.

२. दुखणं मोजायला शिका

शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं. या मापावर दिवसातून चार वेळा आकडा लिहायचा: व्यायामाच्या आधी, करताना सगळ्यात जास्त दुखलं तेव्हा, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर. चौथा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. व्यायाम करताना गुडघा तक्रार करणारच, पण रात्रभर आराम मिळूनही सकाळी तो नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर काल त्याला पेललं नाही असा अर्थ.

त्याच वेळी गुडघ्याचा घेर मोजा. पाय सरळ ठेवून टेप वाटीच्या मधोमध घ्या आणि रोज त्याच जागी, रोज सकाळीच मोजा. संध्याकाळी पाय जरा सुजतोच, त्यामुळे सकाळ-संध्याकाळची तुलना करू नका.

दुखण्याची जातही ओळखायला हवी. वाकवताना समोरून ताण बसतो, कातडी ओढल्यासारखी वाटते. हे चालतं. मांडीचा स्नायू थकून ठणकतो, तेही चालतं. अचानक सुरी लागल्यासारखी कळ आली तर मात्र तो व्यायाम तिथेच थांबवा.

वेदनाशामक गोळीची वेळ वहीत लिहा. पहिले काही आठवडे गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली बरी. ज्या दिवशी डॉक्टरांनी गोळी कमी केली, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी व्यायामात काहीच वाढवू नका, कारण दुखणं कशामुळे वाढलं ते मग कळत नाही.

> घाबरू नका: नव्या गुडघ्यातून टकटक आवाज येणं, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असणं आणि गुडघा काही महिने दुसऱ्यापेक्षा कोमट लागणं, या नेहमीच्या गोष्टी आहेत.

३. वाढवण्याचे आणि कमी करण्याचे नियम

*हिरवा दिवस.* ताकदीचे व्यायाम आणि चालणं करताना दुखणं ३ पर्यंत. वाकवण्याच्या आणि सरळ करण्याच्या व्यायामात ताण ५ पर्यंत गेला तरी चालेल, मात्र तासाभरात पूर्ववत व्हायला हवा. सकाळचा आकडा आणि घेर नेहमीइतकाच. असे सलग दोन दिवस गेले की एक पायरी वाढवायची.

*पिवळा दिवस.* ताकदीच्या व्यायामात दुखणं ४ किंवा ५ गेलं, किंवा शांत व्हायला दोन तास लागले, किंवा सकाळी आकडा एकाने जास्त. आज जेवढं केलं तेवढंच उद्या करा, वाढवू नका.

*लाल दिवस.* करताना ६ किंवा जास्त, किंवा सकाळी नेहमीपेक्षा २ जास्त, किंवा घेर एक सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढलेला. ताकदीचे व्यायाम आणि चालणं निम्म्यावर आणा. घोटा हलवणं, मांडी आवळणं आणि पाय सरळ करणं चालू ठेवा. वाकवणंही चालू ठेवा, फक्त जोर लावू नका. आकडा आणि घेर नेहमीवर आले की आधीच्या पायरीवर परत या.

लाल दिवस म्हणजे सुट्टी नव्हे. पहिल्या सहा आठवड्यांत गुडघ्याच्या आत नवी ऊती तयार होत असते. दोन-तीन दिवस पाय एकाच स्थितीत ठेवला की ती त्याच स्थितीत घट्ट व्हायला लागते. म्हणून भार कमी करायचा, हालचाल बंद करायची नाही.

दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी संख्या, मग धरून ठेवण्याचा वेळ, मग उंची किंवा अंतर. जिना चढणं-उतरणं, पाहुण्यांसमोर तासभर पाय लोंबकळत बसणं, रिक्षातून जाऊन येणं, हे सगळं गुडघ्याच्या हिशेबात व्यायामच असतं. तेही वहीत लिहा.

४. पहिला टप्पा: पहिले दोन आठवडे

या टप्प्यात तीन कामं आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नका: सूज उतरवणं, पाय पूर्ण सरळ करणं, मग वाकवणं.

*घोटा वर-खाली.* चवडा स्वतःकडे ओढा, मग पुढे ढकला. जागे असाल तेव्हा दर तासाला २० वेळा. याने पोटरीतलं रक्त फिरतं राहतं. रक्त पातळ करणारं औषध दिलं असेल तर ते या व्यायामाच्या भरवशावर बंद करू नका.

*मांडी आवळणं.* पाय सरळ ठेवा आणि गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबा. वाटी किंचित वर सरकायला हवी. ५ सेकंद धरून सोडा. १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका.

*टाच उंचावर.* टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली काहीही नको. वजनाने गुडघा आपोआप खाली जाऊ द्या. सुरुवातीला ३ ते ५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, पुढे हळूहळू १० मिनिटांपर्यंत. मागून ताण बसेल, तो ५ पर्यंत चालतो.

*टाच सरकवणं.* पाठीवर झोपून टाच पलंगावरून कमरेकडे सरकवा, ताण जाणवेल तिथे ५ सेकंद थांबा, परत सरळ. १० वेळा, तीनदा. पाय अडखळत असेल तर टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घाला.

*खुर्चीवर वाकवणं.* खुर्चीत बसून ऑपरेशनचा पाय फरशीवरून मागे सरकवा. चांगला पाय त्याच्यासमोर ठेवून त्यानेच हलका दाब द्या. दाब तुमचाच हवा, म्हणजे कुठे थांबायचं ते तुम्हाला कळतं.

चालणं वॉकरने, घरातल्या घरात. एकदम लांब चालण्यापेक्षा दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं.

दोन व्यायामसत्रांच्या मध्ये पाय उंचावर ठेवा. उशा पोटरी आणि टाचेखाली, गुडघा सरळ आणि पाऊल छातीच्या पातळीपेक्षा वर. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पट्टी ओली होणार नाही याची काळजी घ्या.

> सगळ्यात महागात पडणारी चूक: गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं, म्हणून घरचे प्रेमाने ठेवतात आणि रात्रभर राहू देतात. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग माणूस कायम लंगडत चालतो. वाकणं पुढे महिनोन्महिने सुधारत राहतं, पण सरळ न झालेला पाय नंतर सरळ करणं फार अवघड जातं.

> दुसरी चूक: मुलाने किंवा मालीशवाल्याने पाय धरून जोराने वाकवणं. एकदा असं झालं की गुडघा सुजतो, स्नायू आकसून घेतात आणि जे मिळवलं तेही जातं. या काळात गुडघ्यावर तेल रगडणं किंवा गरम शेक देणंही नको.

तपासणी. पलंगावर पाय सरळ ठेवून मांडी आवळा आणि गुडघ्यामागे हात सरकवून बघा. हात सहज आरपार जात असेल तर पाय अजून सरळ झालेला नाही. टाच उंचावर ठेवण्याचा व्यायाम दिवसातून एकदा जास्त करा. वाकणं बघायला खुर्चीत बसा. पाऊल जमिनीवर सपाट असताना नडगी सरळ उभी राहिली, तर साधारण ९० अंश झाले. दोन आठवड्यांच्या आसपास बऱ्याच जणांना हे जमतं. त्यापुढे चवडा फरशीच्या कुठल्या रेघेपर्यंत मागे जातो ते वहीत लिहा. घरच्या मोजमापाला फरशीची रेघ पुरते.

५. दुसरा टप्पा: तिसरा ते सहावा आठवडा

टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात. जखम कोरडी असेल आणि पहिला टप्पा हिरवा चालला असेल तर पुढे या. तारीख आली पण दिवस अजून पिवळे असतील, तर पहिल्याच टप्प्यात थांबा.

सरळ पाय उचलणं इथे येतं. पाठीवर झोपा, दुसरा गुडघा वाकवा, ऑपरेशनच्या पायाची मांडी आधी आवळा आणि मग पाय वीतभर उचला. गुडघा उचलताना वाकत असेल तर मांडीत अजून ताकद आलेली नाही. तेव्हा उचलणं सोडा आणि मांडी आवळणंच करा. सरळ राहत असेल तर ८ वेळा, दिवसातून दोनदा.

खुर्चीतून उठणं-बसणं हा या टप्प्यातला मुख्य व्यायाम आहे. दोन्ही पावलं खुर्चीच्या जवळ घ्या, पुढे झुका, हातांचा आधार घेत उठा आणि सावकाश तीन मोजत बसा. ५ पासून सुरुवात करा. बहुतेक जण नकळत सगळं वजन चांगल्या पायावर टाकतात आणि ऑपरेशनचा पाय पुढे सोडतात. पावलं शेजारी-शेजारी ठेवली की ही लबाडी बंद होते. संख्या १२ झाली की खुर्चीवरची उशी काढायची. त्या दिवशी संख्या परत ८ वर आणा.

ओट्याला किंवा जड टेबलाला धरून टाचा उचलणं, १० वेळा. टाच सरकवणं आणि टाच उंचावर ठेवणं याही टप्प्यात रोज चालू.

वॉकरवरून काठीवर यायची वेळ तारखेने ठरत नाही. वॉकरवर जेमतेम टेकून, न लंगडता घरभर फिरता येतं तेव्हा काठी घ्या. काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उलट्या हातात धरलेली काठी मी इतक्या वेळा बघते की हे दाराच्या मागे लिहून ठेवा असंच सांगते.

जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, काठी नेहमी ऑपरेशनच्या पायाबरोबर. एका हाताने कठडा धरलेलाच हवा.

एक आठवडा वहीतून

नियम कसे चालतात ते एका उदाहरणातून बघू. सदुसष्ट वर्षांच्या काकू, उजवा गुडघा, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दुसरा मजला, लिफ्ट नाही. तिसरा आठवडा चालू आहे. नेहमीचा सकाळचा आकडा २, घेर ४१.५ सेंटीमीटर. खुर्चीतून उठणं ८ वेळा.

सोमवारी करताना ३, दोन तासांनी २. मंगळवारी सकाळी २, घेर ४१.५. मंगळवार तसाच गेला आणि बुधवारी सकाळीही तेच आकडे. दोन हिरवे दिवस झाले, म्हणून बुधवारी उठणं १० वर नेलं. करताना ३, म्हणजे ठीक. पण त्याच दुपारी सर्जनना दाखवायला दोन मजले उतरून रिक्षाने जाऊन परत दोन मजले चढल्या, आणि संध्याकाळी नणंद भेटायला आली म्हणून दीड तास पाय खाली सोडून बसल्या.

गुरुवारी सकाळी आकडा ४, घेर ४३. दोन्ही खुणा लाल. घरचे म्हणाले, आज काही करू नका. काकूंनी उठणं ५ वर आणलं आणि चालणं निम्मं केलं. घोटा, मांडी आवळणं, टाच उंचावर आणि जोर न लावता टाच सरकवणं चालू ठेवलं. बर्फ चार वेळा, दुपारी पाय उंचावर. शुक्रवारी सकाळी ३, घेर ४२.४. उतरतंय, पण नेहमीवर आलेलं नाही, म्हणून शुक्रवारही तसाच. शनिवारी २ आणि ४१.७. घेर जवळपास मूळ जागी आल्यामुळे उठणं पुन्हा ८. रविवार आणि सोमवारची सकाळ हिरवी गेली, म्हणून सोमवारी पुन्हा १०. या वेळी त्याच दिवशी जिना नाही. मंगळवारी सकाळी २.

गुडघ्याने दोन जास्तीची उठबस पेलली होती, त्याला जड गेला तो जिना आणि लोंबकळत बसणं. वही नसती तर दोष उठण्याच्या व्यायामाला गेला असता आणि तो बंद पडला असता. दवाखान्यात जायच्या दिवशी काहीही नवीन वाढवायचं नाही, हे काकूंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

> ताबडतोब डॉक्टरांना कळवा: पोटरीत नवीन दुखणं किंवा एकाच पायाची वाढती सूज, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, जखमेभोवती पसरणारा लालसरपणा, पडल्यानंतर किंवा अचानक पाय सरळ उचलता न येणं. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

६. तिसरा टप्पा: सहा ते बारा आठवडे

सर्जनच्या सहाव्या आठवड्याच्या तपासणीनंतर पायरी चढण्याचा व्यायाम सुरू करा. १० सेंटीमीटर उंचीचा भक्कम लाकडी पाट, भिंतीला टेकवलेला आणि हाताला आधार असलेला. ऑपरेशनचा पाय वर ठेवा, त्याच पायाने शरीर उचला, सावकाश खाली या. ६ पासून १२ पर्यंत. १२ वेळा हिरवे दोन दिवस गेले की उंची १५ सेंटीमीटर करून पुन्हा ६ वर या. उतरताना गुडघा आतल्या बाजूला वळत असेल तर उंची जास्त झाली.

बाहेर चालणं सपाटीवर सुरू करा. कचराळी तलावाभोवतीचा ट्रॅक किंवा आपल्या सोसायटीचं आवार चांगलं. रस्त्याच्या कडेचे उंचसखल पेव्हर ब्लॉक सुरुवातीला टाळा. दहा मिनिटं जाऊन-येऊन धरा, म्हणजे पाच मिनिटं झाली की मागे वळायचं. पूर्ण फेरी मारायच्या नादात लोक अर्ध्यावर दमतात आणि मग परत यावंच लागतं. दोन हिरव्या दिवसांनी पाच मिनिटं वाढवा.

जमिनीवर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं सर्जननी स्पष्ट सांगितल्याशिवाय करू नका. पूजेला खुर्ची किंवा उंच स्टूल घ्या.

७. नियम पाळूनही अडलं तर

वही घेऊन दाखवायला जा, आणि या तीन गोष्टींत वाट बघत बसू नका. सलग आठवडाभर सगळे दिवस पिवळे किंवा लाल असतील, तर फिजिओला बोलवा. बहुतेक वेळा एखादा व्यायाम चुकीच्या पद्धतीने होत असतो आणि तो समोर केल्याशिवाय दिसत नाही. चौथ्या आठवड्यातही गुडघ्यामागून हात आरपार जात असेल, तर सहाव्या आठवड्याच्या तपासणीपर्यंत थांबू नका. आणि सहाव्या आठवड्यात वाकणं ९० च्या आत अडलेलं असेल, तर सर्जनना थेट विचारा की भूल देऊन गुडघा वाकवण्याची गरज आहे का. हा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत जास्त सोपा जातो. नंतर आतली ऊती घट्ट झालेली असते, म्हणून हा प्रश्न पुढच्या तारखेवर ढकलू नका.